आधी हात मोजा, मग उत्तरं

पत्र : मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आंतरवासितेसाठी मिळालेल्या शाळेत आठवीच्या वर्गात २८ मुलगे आणि २० मुली आहेत. विज्ञानाच्या तासाला बाईंनी प्रश्न विचारला की मुलगेच उत्तर देतात, मुली गप्प बसतात, असं मला सारखं वाटतं. यावरच कृतिसंशोधन करायचं आहे. मार्गदर्शक सर म्हणतात, मुलांना एक प्रश्नावली वाटून टाका. मला मात्र वर्गात बसून मोजायचं आहे. काय मोजू, किती तास बसू आणि शेवटी ‘मुली कमी बोलतात’ हे कशाच्या जोरावर म्हणू?

उत्तर : मोजायचंच. ‘तू वर्गात उत्तर देतेस का?’ या प्रश्नाला ‘नेहमी, कधीकधी, कधीच नाही’ यांपैकी एकावर खूण मिळाली तर त्यातून त्या मुलीचं स्वतःबद्दलचं मत कळेल, वर्गात काय घडलं ते कळणार नाही. प्रश्नावली पुढे उपयोगी पडेल, पण ती निरीक्षणानंतर, काही नेमकं विचारायला मिळाल्यावर.

फक्त मोजायला बसण्याआधी ‘उत्तर’ म्हणजे काय ते ठरवावं लागेल. मुलगा बोलला की एक रेघ, मुलगी बोलली की एक रेघ, अशी मोजदाद केलीत तर शेवटी हातात दोन आकडे उरतील आणि त्यांचं काय करायचं ते सुचणार नाही. कारण वर्गात उत्तर चार वाटांनी येतं. मूल हात वर करतं आणि बाई त्याला उठवतात. हात वर नसतानाही बाई नाव घेऊन विचारतात. कुणी विचारलेलं नसताना मूल जागेवरून उत्तर ठोकून देतं. किंवा सगळा वर्ग एका सुरात बोलतो. मुलींची उत्तरं कमी पडत असतील तर ती यांतल्या कोणत्या वाटेवर कमी पडतात, हाच तुमचा खरा संशोधनप्रश्न आहे. मुली हातच वर करत नसतील तर उपाय वेगळा. हात वर असूनही बाईंची नजर जात नसेल तर वेगळा. आणि हात वर व्हायच्या आतच कुणी उत्तर फेकत असेल तर आणखी वेगळा.

आता प्रश्न म्हणजे काय, तेही ठरवून घ्या. ‘कळलं का?’, ‘हो ना?’, ‘लिहून झालं?’ हे प्रश्न धरू नका. एका तासात ते ढिगाने येतात आणि त्यांना कुणी खरं उत्तर देत नाही. बाई वाक्य अर्धवट सोडून वर्गाकडून पुरं करून घेतात, ते फक्त सामूहिक उत्तराच्या रकान्यात एका रेघेने नोंदवा. ज्याचं उत्तर एका मुलाने किंवा मुलीने द्यावं अशी अपेक्षा दिसते तेवढाच तुमच्यासाठी प्रश्न.

नोंदीसाठी छापील तक्ता करू नका, बसण्याचा नकाशा काढा. फुलस्केप कागद आडवा धरायचा, वर फळा, उजवीकडे की डावीकडे दार ते दाखवायचं, प्रत्येक बाकावर जितकी मुलं तितके चौकोन आणि चौकोनात हजेरी क्रमांक. नाव नाही. मुलगा की मुलगी हे हजेरीपटावरून घ्या आणि तसं अहवालात लिहा. या नकाशाच्या पंधरा प्रती काढून ठेवा, दर तासाला एक कोरी. मूल बोललं की त्याच्या चौकोनात प्रश्नाचा अनुक्रमांक आणि एक अक्षर लिहायचं : हात वर करून उत्तर दिलं तर ‘ह’, नाव घेऊन विचारलं तर ‘न’, आपणहून बोललं तर ‘ओ’. उठवलं पण मूल गप्पच राहिलं, तर अक्षराभोवती गोल करा. त्याला संधी मिळाली, उत्तर आलं नाही, आणि या दोन गोष्टी एकाच बेरजेत घालायच्या नाहीत.

‘बल व दाब’ हा पाठ चालू आहे असं समजा. बाई विचारतात, “दप्तराचा पट्टा रुंद का असतो?” तिसऱ्या बाकावरून लगेच आवाज येतो, “दाब कमी होतो!” बाई म्हणतात, “बरोबर. पण का कमी होतो?” आता सहा हात वर होतात, चार मुलींचे, दोन मुलग्यांचे. बाई एका मुलीला उठवतात, ती सांगते, “क्षेत्रफळ वाढलं म्हणून.” बाई पुढे, “म्हणजे क्षेत्रफळ वाढलं की दाब…?” आणि वर्ग ओरडतो, “कमी होतो!” हा जेमतेम अर्ध्या मिनिटाचा प्रसंग तुमच्या कागदावर असा उतरेल : तिसऱ्या बाकावरच्या मुलाच्या चौकोनात १२ओ, त्या मुलीच्या चौकोनात १३ह, समासात सामूहिकची एक रेघ, आणि कोपऱ्यात ‘१३ : मु ४, मुल २’ अशी हातांची नोंद. बाराव्या प्रश्नाला हातांची नोंद नाही, कारण हात वर करायला कुणाला सवडच मिळाली नाही. ती रिकामी जागाही नोंदच आहे. तिच्याकडे पुढे परत यायचं आहे.

हात मोजणं हे या कामातलं सगळ्यात अवघड. ४८ मुलांत कुणाचा हात वर होता ते लिहिणं एकट्या माणसाला जमत नाही, त्या फंदात पडू नका. फक्त किती मुलींचे आणि किती मुलग्यांचे, एवढंच. तेही प्रत्येक प्रश्नाला नव्हे, दर चौथ्या प्रश्नाला. बऱ्याच शाळांत मुलींच्या आणि मुलग्यांच्या रांगा वेगळ्या असतात, त्यामुळे मागून पाहिलं तरी मोजता येतं. आंतरवासितेला तुमच्यासोबतची मैत्रीण त्याच शाळेत असेल तर तिला हात मोजायला बसवा आणि उत्तरांची अक्षरं तुम्ही लिहा. तसं झालं तर जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचे हात मिळतील.

ज्या वेगळ्या रांगा मोजायला सोयीच्या, त्याच निष्कर्षात घोटाळा करतात. मुली दाराकडच्या बाजूला बसत असतील आणि बाई टेबलाजवळ, म्हणजे मुलग्यांच्या बाजूला उभ्या राहून शिकवत असतील, तर दिसणारा फरक मुलगा-मुलगी असण्याचा की बसण्याच्या जागेचा, ते वेगळं करता येणार नाही. फळ्याजवळच्या आणि मधल्या बाकांवरची मुलं जास्त बोलतात, हे वर्गनिरीक्षणाच्या अभ्यासांत फार पूर्वीपासून दिसत आलेलं आहे. म्हणून तर नकाशा. शेवटी पहिल्या तीन बाकांवरच्या मुली आणि पहिल्या तीन बाकांवरचे मुलगे अशी तुलना वेगळी करून बघा. बाई तयार असतील तर निम्मे तास झाल्यावर दोन्ही बाजूंच्या रांगांची अदलाबदल करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे आणि तुमच्या अभ्यासाला त्याने जितकं बळ मिळेल तितकं कुठल्याही संख्याशास्त्रीय चाचणीने मिळणार नाही.

किती तास बसायचं? दहा. त्यांतले पहिले दोन मोजायचे पण हिशेबात धरायचे नाहीत. मागच्या बाकावर कुणीतरी वही घेऊन बसलंय म्हटल्यावर पहिल्या दिवशी बाईही जरा जपून बोलतात आणि मुलंही मान वळवून बघत राहतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुमची सवय होते. ते दोन तास तुमचा हात बसायलाही लागतातच. उरलेले आठ तास, प्रत्येक तासाला वीसच्या आसपास वैयक्तिक उत्तरं, म्हणजे दीडशे ते पावणेदोनशे नोंदी होतात. एका वर्गाच्या अभ्यासाला तेवढ्या पुरतात. प्रयोगाचा तास, चाचणीचा तास आणि वही तपासण्याचा तास वगळा. गैरहजर मुलांच्या चौकोनावर फुली मारायला विसरू नका. आठपैकी चारच तास हजर असलेल्या मुलीची उत्तरं कमी भरली तर त्यात तिच्या गप्प बसण्याचा काही संबंध नाही.

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या, बाईंना विषय सांगा, पण तुमचा अंदाज सांगू नका. ‘प्रश्नोत्तरं कशी होतात ते बघतेय’ इतकं पुरे. मुलींकडे लक्ष आहे असं आधी कळलं तर कोणतीही चांगली शिक्षिका दुसऱ्या दिवसापासून मुलींना जास्त उठवेल, आणि तुम्ही तुमच्याच वाक्याचा परिणाम मोजत बसाल. मोजणी संपल्यावर मात्र बाईंना सगळं उघड सांगायचं, कागद दाखवायचे, आणि त्यांना नको असेल तर वापरायचं नाही, हेही सांगायचं. मोबाइलवर चित्रीकरण करू नका. मुलांच्या चित्रीकरणासाठी पालकांची संमती काढण्यात महिना जाईल आणि वर्ग कॅमेऱ्यासमोर वागतो तसा वागेल. मोजणी संपली की, काही उघड करण्याआधी, बाईंकडून एक चिठ्ठी मात्र लिहून घ्या, ‘माझ्या तासाला शंभरातली किती उत्तरं मुली देतात असं मला वाटतं’, आणि बंद पाकिटात ठेवा. शेवटी ती उघडली की चर्चा आपोआप सुरू होते. स्वतःचा अंदाज मात्र मोजणीआधीच लिहून ठेवा आणि त्याच पाकिटात टाका. तो तुमच्या पत्रात आधीच आहे, आणि निरीक्षकाचा अंदाज पक्का असला की हात वर न केलेली मुलगी ठळक दिसते, पटकन बोललेली मुलगी नजरेतून सुटते.

याच कारणासाठी एक तास तरी तुम्ही आणि ती मैत्रीण, दोघींनी स्वतंत्रपणे नोंदवा, मध्ये एकमेकींच्या कागदाकडे न बघता. मग प्रश्नागणिक ताडून पाहा. २४ उत्तरांपैकी २० ठिकाणी मूल आणि अक्षर दोन्ही जुळलं तर ८३ टक्के मेळ, ठीक आहे. ८० च्या खाली असेल तर मोजणी थांबवा आणि कुठे बिनसलं ते बघा. बहुतेक वेळा भांडण ‘ह’ आणि ‘ओ’ यांच्यात असतं : हात वर आहे, बाईंनी अजून कुणाला उठवलेलं नाही, आणि मूल बोलून मोकळं झालं. यासाठी नियम आधीच ठरवा. बाईंनी नाव घेतलं, बोट दाखवलं किंवा मान हलवली आणि मग उत्तर आलं, तर ‘ह’. उत्तर आधी आलं तर हात वर असला तरी ‘ओ’.

आता हिशेब. खालचे आकडे कुठल्या शाळेचे नाहीत, रीत दाखवण्यासाठी मांडले आहेत. तुमच्याच वर्गाचा पट घेऊ. आठ तासांत १६० वैयक्तिक उत्तरं आली, मुलग्यांची ११२ आणि मुलींची ४८. वर्गात मुली ४२ टक्के, उत्तरांत ३० टक्के. इथेच थांबलात तर तुमचं पत्रातलं वाक्य सिद्ध झाल्यासारखं वाटेल. पण अक्षरं वेगळी करा. हात वर करून : मुलगे ४६, मुली ३४. नाव घेऊन : मुलगे १३, मुली ११. आपणहून : मुलगे ५३, मुली ३.

पहिल्या दोन वाटांची बेरीज १०४, त्यात मुलींची ४५, म्हणजे ४३ टक्के. पटावरच्या प्रमाणाइतकीच. वर झालेले हात पाहिले : नोंदवलेल्या ४० प्रश्नांना मिळून ४०० हात, मुलींचे १६८, म्हणजे बरोबर ४२ टक्के. मुली हात वर करतात, बाई त्यांना हातांच्या प्रमाणात उठवतात. सगळी तफावत तिसऱ्या वाटेवर आहे, जिथे कुणी विचारण्याआधीच उत्तर येतं आणि बाई ते स्वीकारून पुढे जातात. ‘मुली गप्प बसतात’ हे तुमचं वाक्य या वर्गाला लागू होत नाही. ‘मुलींची पाळी येण्याआधी प्रश्न संपतो’ हे होतं.

आणखी एक पायरी खाली उतरा आणि प्रत्येक चौकोनाची बेरीज मांडा. समजा तीन मुलग्यांनी मिळून ५६ उत्तरं दिली आहेत, एकाने २४, दुसऱ्याने १८, तिसऱ्याने १४, आणि आपणहून दिलेल्या ५३ पैकी ३९ याच तिघांची. ते तिघे बाजूला काढले तर उरलेल्या २५ मुलग्यांची उत्तरं ५६, माणशी २.२. मुलींची माणशी २.४. आठ तासांत एकदाही न बोललेले मुलगे २८ पैकी ११, मुली २० पैकी ७. म्हणजे गप्प बसणारे दोन्ही बाजूंना जवळपास सारखेच, मुलग्यांतच किंचित जास्त. शाळेतल्या वर्गांत ही ठेवण नेहमीची आहे : दोन-चार मुलं बरंचसं बोलतात, तिसरा हिस्सा वर्ग काहीच बोलत नाही, आणि सरासरी या दोन्ही गोष्टी झाकून टाकते. म्हणून अहवालात सरासरीच्या आधी चौकोनांचा नकाशा द्या. त्या तिघांना मात्र हिशेबातून गायब करायचं नाही. तिघेही मुलगेच असणं हीसुद्धा माहिती आहे. दोन्ही हिशेब, तिघांसह आणि तिघांशिवाय, शेजारी-शेजारी मांडा.

मार्गदर्शक ‘काय-वर्ग काढलं का?’ असं विचारतील, म्हणजे फरक खरा की योगायोगाचा ते जोखणारी संख्याशास्त्रीय चाचणी केली का. ११२ आणि ४८ यांची पटाशी तुलना करून काय-वर्ग काढलात तर ९ च्या जवळपास येतो, कोष्टकातली ०.०१ पातळीची मर्यादा ६.६३ आहे, आणि तुम्ही ‘फरक सार्थ आहे’ असं लिहून मोकळ्या व्हाल. हे चूक आहे. ती चाचणी १६० वेगवेगळ्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या नोंदी धरून चालते. तुमच्याकडे १६० माणसं नाहीत, ४८ आहेत, आणि त्यांतल्या एकाची २४ उत्तरं म्हणजे २४ स्वतंत्र पुरावे नव्हेत. एकच बोलका मुलगा पुन्हा पुन्हा मोजला जातो आणि फरक आहे त्यापेक्षा पक्का भासतो.

त्याऐवजी चिठ्ठ्यांची रीत वापरा. प्रत्येक विद्यार्थ्याची एकूण उत्तरं एका चिठ्ठीवर, अशा ४८ चिठ्ठ्या. डब्यात घालून ढवळा, डोळे मिटून २० काढा, बेरीज करा. मुलगा-मुलगी असण्याचा काहीच संबंध नसता तर मुलींची बेरीज अशीच कुठलीही आली असती. शंभरदा करा आणि ४८ किंवा त्याहून कमी बेरीज किती वेळा आली ते मोजा. हाताने करायचा कंटाळा असेल तर स्प्रेडशीटमध्ये B2 ते B49 मध्ये उत्तरांची संख्या, C2 ते C49 मध्ये `=RAND()`, आणि एका रिकाम्या घरात हे सूत्र :

```
=SUMPRODUCT((C2:C49>=LARGE(C2:C49,20))*B2:B49)
```

F9 दाबलं की दरवेळी नवी बेरीज दिसेल. वरच्या उदाहरणात ४८ किंवा त्याहून कमी बेरीज शंभरात दहा ते वीस वेळा येईल. निव्वळ योगायोगानेही इतका फरक पडू शकतो, असा त्याचा अर्थ. याची दुसरी बाजूही करून पाहता येते : ४८ मुलांतून डोळे मिटून तीन निवडली तर तिघेही मुलगेच निघण्याची शक्यता (२८÷४८) × (२७÷४७) × (२६÷४६), म्हणजे सुमारे १९ टक्के. पाचातून एकदा. यावर ‘मुलगे जास्त बोलतात’ असा नियम उभा करता येत नाही. ‘या वर्गात सर्वांत जास्त बोलणारे तिघे मुलगे आहेत’ एवढं म्हणता येतं, आणि तेवढंच म्हणा.

याचा अर्थ असा फरक कुठेच नसतो, असा घेऊ नका. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात जीवशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमाचे २३ वर्ग तपासले गेले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात विद्यार्थिनी सुमारे ६० टक्के होत्या, पण प्राध्यापकांच्या प्रश्नाला उत्तर देणारे जे आवाज ऐकू आले त्यांत त्यांचा वाटा ४० टक्क्यांपेक्षा कमी होता. इतके वर्ग असले की एका वर्गातल्या तीन बोलक्यांचं वजन उरत नाही. तुमच्याकडे एक वर्ग आहे. त्यातून ‘महाराष्ट्रातल्या मुली’ किंवा ‘विज्ञानातल्या मुली’ अशी वाक्यं निघत नाहीत. शाळेचं नाव न देता, इयत्ता, विषय, पट, शिकवणाऱ्या बाई की सर, बसण्याची पद्धत, इतकं नीट लिहिलंत तर वाचणारा आपल्या वर्गाशी ताडून पाहील. पुढच्या वर्षीच्या कुणी त्याच पद्धतीने दुसरा वर्ग मोजला तर दोन होतील.

कृतिसंशोधन म्हटलं की कृती लागते, आणि ती तुमच्याच कागदावरच्या त्या रिकाम्या जागेत आहे, जिथे प्रश्न होता पण हात मोजताच आले नाहीत. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती थांबतात ते मोजलं. सरासरी एक सेकंदाच्या आसपास निघाली. तो अवधी तीन सेकंदांपर्यंत नेल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. तुमच्या वर्गासाठी कृती अशी ठेवता येईल : प्रश्न विचारल्यावर बाईंनी मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ म्हणायचं, तोवर कुणालाही उठवायचं नाही, आणि मध्ये कुणी उत्तर फेकलं तर बरोबर-चूक काही न म्हणता हात वर करायची खूण करायची. चार तास एवढंच. याच वेळी चिठ्ठी काढून हजेरी क्रमांक पुकारणं वगैरे दुसरं काही सुरू करू नका. दोन्ही केलंत तर कशाने काय झालं ते सांगता येणार नाही.

या चार तासांची तुलना आधीच्या आठांशी नाही, आधीच्या शेवटच्या चारांशी करा. आठ तासांत निदान एकदा बोललेल्या मुलांची संख्या चार तासांपेक्षा आपोआपच जास्त भरते. शिवाय थांबण्यात वेळ जातो, त्यामुळे तासाला वीसऐवजी पंधरा-सोळाच उत्तरं येतील. ‘मुलींची उत्तरं वाढली का?’ असं संख्येत बघू नका, एकूण उत्तरांत मुलींचा हिस्सा किती ते बघा, आणि किती वेगवेगळी मुलं बोलली ते बघा. त्याही आधी ‘ओ’ची नोंद बघा. आधी तासाला सरासरी सात ‘ओ’ होते. आता ते दोनावर आले असतील तर कृती झाली. पाच-सहाच राहिले असतील तर तीन सेकंदांचा नियम फक्त तुमच्या आराखड्यात आहे, वर्गात नाही, आणि मग मुलींचा हिस्सा बदलला काय, न बदलला काय, त्याबद्दल काही लिहिता येत नाही. बाईंची अशा वेळी फजिती होते ती दोन ठिकाणी : उजळणीच्या प्रश्नांना थांबणं त्यांना कृत्रिम वाटतं, आणि तास संपत आला की नियम सुटतो. ‘का’ आणि ‘कसं’च्या प्रश्नांनाच थांबायचं असं ठरवलं तर नियम टिकतो. मग आधीच्या तासांतलेही फक्त तेच प्रश्न तुलनेला घ्यावे लागतील, म्हणून पहिल्या दिवसापासून अशा प्रश्नाच्या अनुक्रमांकाखाली एक रेघ ओढत चला.

प्रश्नावली आता काढा, मार्गदर्शक सरांनाही बरं वाटेल. पण तीनच प्रश्न, आणि नाव न लिहिता, फक्त मुलगा की मुलगी एवढं लिहून : उत्तर येत असून हात वर केला नाही असं या आठवड्यात झालं का? झालं असेल तर का? हात वर असताना दुसऱ्याने उत्तर देऊन टाकलं असं झालं का? दुसऱ्या प्रश्नाखाली पर्याय छापू नका, दोन ओळी कोऱ्या सोडा. पर्याय दिले की मुलं ‘भीती वाटते’वर खूण करून मोकळी होतात.